विषय : खातेउताऱ्याची प्रोसिजर एका खात्याला पळते, दुसऱ्याला अडकते. पाचवी तक्रार, पहिल्यांदा लेखी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या माणसाशी माझं पाचव्यांदा बोलणं झालं आणि तेही ‘सर्व्हर एकदा रिस्टार्ट करून बघा’ यावरच संपलं. म्हणून हे पत्र. सॉफ्टवेअर तुमचं आहे, `usp_KhateUtara` ही प्रोसिजर तुम्ही लिहिली आहे, त्यामुळे ती काय करते हे मी सांगत बसत नाही. ती आमच्याकडे काय करते आहे, तेवढं सांगतो.

आमचं लातूरला बी-बियाणं आणि खतांचं वितरण आहे. औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर या भागातले मिळून सुमारे १,८०० दुकानदार आमच्या खात्यावर आहेत. व्यवहाराच्या टेबलात आज २४ लाख नोंदी आहेत आणि त्यातल्या ११ लाख एकट्या ‘रोख विक्री’ या खात्याच्या, म्हणजे खाते क्रमांक १ च्या आहेत. दुकानदाराच्या खात्यात कुठे साठ, कुठे दोन हजार. आरंभीची शिल्लक काढायला तुमची प्रोसिजर त्या खात्याच्या पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी वाचते. दुकानदाराचा उतारा डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो. रोखीचा कधी चार सेकंदांत येतो, तर कधी तीस सेकंद गोल फिरून `Execution Timeout Expired` दाखवतो. खातं तेच, तारीख तीच, मशीन तेच.

मृगाच्या आठवड्यात, पेरणीसाठी गर्दी उसळलेली असताना हे सुरू झालं. रात्री रोकड जुळल्याशिवाय आमच्याकडे गल्ला बंद होत नाही. त्या आठवड्यात तीन रात्री आमचे हिशेबनीस काका साडेअकरापर्यंत बसून हातानं बेरजा करत होते. त्यांचं वय एकसष्ट आहे.

आता तो फोन. तिसरा. तो मला शब्दन् शब्द आठवतो.

मी म्हणालो, “एकाच खात्याला अडकतं, बाकी सगळी खाती चालतात.”

तुमचा माणूस म्हणाला, “सर, तुमचं इंटरनेट स्लो असेल.”

मी सांगितलं, सर्व्हर आमच्याच ऑफिसात आहे, माझ्या खुर्चीपासून दहा फुटांवर. उतारा काढायला इंटरनेट लागतच नाही.

तो म्हणाला, “मग लाईटचा प्रॉब्लेम असेल. मराठवाड्यात असतोच ना सर.”

मी गप्प राहिलो. लाईट गेली तर १,८०० खाती चालतील आणि नेमकं एक बंद पडेल, असं कुठं होतं का? मी वरिष्ठांना द्या म्हणालो. ते आले. त्यांनी आमच्या सर्व्हरला दुरून जोडून घेतलं, मॅनेजमेंट स्टुडिओत खाते क्रमांक १ टाकून प्रोसिजर चालवली आणि म्हणाले, “हे बघा, चार सेकंदांत आलं. आमच्याकडून काही दोष नाही. तुम्ही कॉम्प्युटरचं रीतसर काही शिकलेले आहात का?”

शेजारी काका उभे होते आणि फोन स्पीकरवर होता. अकरा वर्षं मी या पेढीचा संगणक विभाग सांभाळतो आहे. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते वळून गल्ल्यावर जाऊन बसले. हा अपमान मी विसरणार नाही.

आणि ते वरिष्ठ चुकले होते. कुठं चुकले ते ऐका. तुमचं सॉफ्टवेअर ज्या जोडणीनं सर्व्हरकडे येतं, तिथे `ARITHABORT` बंद असतं. स्टुडिओत ते आपोआप चालू असतं. ही सेटिंग वेगळी असली की एसक्यूएल सर्व्हर त्याच प्रोसिजरसाठी नोंदी कशा वाचायच्या याचा दुसरा, स्वतंत्र प्लॅन बनवून साठवतो. म्हणजे त्यांनी जो प्लॅन तपासला तो आमच्या गल्ल्यावर चालणारा नव्हताच. त्यांच्या खिडकीत रोखीच्या खात्यासाठी नवा कोरा प्लॅन तयार झाला आणि तो चांगलाच निघणार होता. त्याच संध्याकाळी मी स्टुडिओत आधी हे लिहिलं :

```sql
SET ARITHABORT OFF;
EXEC dbo.usp_KhateUtara @KhateID = 1, @Paryant = '2024-06-13';
```

१ मिनिट ५२ सेकंद लागले. सॉफ्टवेअरमध्ये जे घडत होतं तेच डोळ्यांसमोर आलं. मग प्रत्यक्ष चाललेला प्लॅन उघडून त्याच्या एक्सएमएलमध्ये पाहिलं :

```
ParameterCompiledValue="(1147)"  ParameterRuntimeValue="(1)"
```

११४७ हे औशाच्या एका लहान दुकानदाराचं खातं आहे. त्यात ६४ नोंदी. सर्व्हरनं प्लॅन आखला तो या ६४ नोंदी डोळ्यांसमोर ठेवून, आणि राबवला रोखीच्या ११ लाखांवर. अंदाज ६४, प्रत्यक्षात ११ लाख, हे दोन्ही आकडे प्लॅनमधल्या एकाच बाणावर दिसतात. यालाच पॅरामीटर स्निफिंग म्हणतात. प्रोसिजर कॅशमध्ये नसताना जो पहिल्यांदा बोलावतो, त्याचीच किंमत हुंगून प्लॅन बनतो आणि पुढच्या सगळ्यांना तोच वापरावा लागतो.

६४ नोंदींसाठी तो प्लॅन योग्यच आहे. इंडेक्समधून खाते क्रमांक शोधायचा आणि मिळालेल्या प्रत्येक नोंदीमागे मूळ टेबलात एक फेरी मारून उरलेले रकाने आणायचे. एका फेरीला आमच्या टेबलात ३ पानं वाचावी लागतात. ६४ नोंदींना दोनशेच्या आत पानं, काहीच नाही. पण ११ लाख नोंदींना ३३ लाख पानं होतात. एक पान ८ केबीचं, म्हणजे सुमारे २५ जीबी वाचन. अख्खं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ वाचलं तर ४० हजार पानांत आटोपतं! त्यावर बिलांच्या टेबलातही एकेका नोंदीमागे तशीच फेरी, आणि क्रमवारी लावायला ६४ नोंदींपुरतीच मेमरी मागून ठेवलेली, म्हणून उरलेला माल टेम्पडीबीत सांडतो.

उलट झालं तर, म्हणजे प्लॅन रोखीच्या खात्यानं बनवला तर, अख्खं टेबल वाचणारा प्लॅन सगळ्यांच्या वाट्याला येतो. मग औशाच्या दुकानदाराचा उतारा क्षणाऐवजी दोन-तीन सेकंद घेतो. ते चालतं. कुणी तक्रार करत नाही.

हे आम्हाला उमगलं कसं, तेही सांगतो. पहिल्याच फोनवर तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही रोज रात्री सर्व्हर बंद-चालू करायला लागलो. बंद केला की साठवलेले सगळे प्लॅन जातात. सकाळी नऊला काका यायचे आणि आल्याआल्या रोखीचं खातं उघडायचे. प्लॅन रोखीचा बने, दिवस नीट जाई. गुरुवारी काका तुळजापूरला दर्शनाला गेले. त्या दिवशी पहिला उतारा काढला तो काउंटरवर आलेल्या औशाच्या दुकानदाराचा. “साहेब, माझा उतारा निघंल का लगेच?” तो लगेच निघाला. रोखीचा दिवसभर निघाला नाही. शुक्रवारी काका आले, पुन्हा ठीक. सकाळी पहिला नंबर कुणाचा लागतो यावर आमच्या पेढीचा दिवस ठरत होता, आणि तो खेळ तुमच्या रिस्टार्टच्या सल्ल्यानं रोजचा झाला होता.

तरीही आज पाचव्या फोनवर उत्तर काय, तर रिस्टार्ट करा.

बरं, काका सकाळी आले म्हणूनही खात्री नाही. टेबलात पुरेसे बदल झाले की सर्व्हर आकडेवारी नव्यानं गोळा करतो आणि प्लॅन परत बनवतो. आमच्या २४ लाखांच्या टेबलाला ती मर्यादा सुमारे ४९ हजार बदलांची आहे. हंगामात आम्ही आठ-नऊ दिवसांत तिथे पोचतो. मग भर दुपारी, कुणी काही न करता, रोखीचं खातं बंद पडतं. चौथा फोन त्याचाच होता.

त्या चौथ्या फोनवर तुमच्या दुसऱ्या एका साहेबांनी निदान प्रश्न ऐकून घेतला, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पण त्यांनी सुचवलेलं `OPTIMIZE FOR UNKNOWN` इथे लागू पडत नाही. त्यात सर्व्हर सरासरी धरतो. २४ लाख भागिले १,८००, म्हणजे सुमारे १,३३३ नोंदी. १,३३३ नोंदींसाठीही तो इंडेक्सवरून फेऱ्या मारणाराच प्लॅन निवडतो. मी चाचणीच्या डेटाबेसवर करून पाहिलं. रोखीचं खातं कायमचं अडकलं, नशिबाचा भागही उरला नाही.

जे लागू पडतं ते एका ओळीचं आहे. उताऱ्याच्या मुख्य सिलेक्टच्या शेवटी :

```sql
OPTION (RECOMPILE);
```

याने दर वेळी समोरच्या खात्यासाठी नवा प्लॅन बनतो. त्याला सर्व्हरचा थोडा वेळ जातो, हे मला कळतं. सेकंदाला शेकडो वेळा चालणाऱ्या प्रोसिजरला मी हे मागितलं नसतं. उतारा आमच्याकडे दिवसाला तीनशे-चारशे वेळा निघतो. चाचणीत दर वेळी ४० मिलिसेकंद जास्त लागले आणि रोखीचा उतारा प्रत्येक वेळी चार सेकंदांत आला, आधी कुणीही काढलेला असो. आम्हाला तुम्ही दिलेली एसक्यूएल सर्व्हरची आवृत्ती २०१९ ची आहे. एका प्रोसिजरला खात्याच्या आकाराप्रमाणे वेगवेगळे प्लॅन ठेवण्याची सोय २०२२ पासून आली, म्हणजे ती वाटही आम्हाला नाही.

ही ओळ मी स्वतः टाकली असती. पण प्रोसिजरला हात लावला तर देखभालीचा करार रद्द, असं तुमच्याच कागदावर लिहिलं आहे. दुरुस्ती तुम्ही करायची नाही आणि आम्ही करायची नाही, मग करायची कुणी? या कराराचे पैसे आम्ही दर वर्षी एप्रिलमध्येच भरतो, एक दिवसही उशीर केलेला नाही.

तोवर मी जुगाड लावलं आहे. प्लॅन बिघडला की सर्व्हर बंद न करता फक्त तुमची प्रोसिजर कॅशमधून काढतो आणि लगेच सॉफ्टवेअरमधूनच रोखीचं खातं उघडतो :

```sql
EXEC sp_recompile 'dbo.usp_KhateUtara';
```

हे तुमच्या पाचपैकी एकाही माणसाला सांगता आलं नाही. पाच फोन, आणि पहिल्याला रिस्टार्ट, पाचव्यालाही रिस्टार्टच.

पंधरा दिवसांत दुरुस्त केलेली प्रोसिजर पाठवा. सोबत चाचणी दोन्ही क्रमांनी केल्याचं लेखी द्या. आधी ११४७ मग १, आणि आधी १ मग ११४७. चाचणी `ARITHABORT` बंद ठेवून करा. ते आलं नाही तर पुढच्या एप्रिलचा करार होणार नाही, आणि मार्केट यार्डातल्या ज्या सहा दुकानांनी आमच्याकडे पाहून तुमचं सॉफ्टवेअर घेतलं, त्यांना मी या दोन्ही चाचण्या स्वतः जाऊन दाखवीन.

आणि त्या वरिष्ठांनी आमच्या काकांसमोर मला जे विचारलं, त्याबद्दल त्यांनी फोन करावा. माझ्या नंबरवर नको, गल्ल्याच्या लँडलाईनवर. तो काका उचलतात.

संगणक विभाग,
लातूर