किमान ऑर्डर आणि मोफत डिलिव्हरीच्या नव्या मर्यादेबाबत तक्रार

प्रति,
विक्री व्यवस्थापक

विषय : 1 तारखेपासून लागू होणाऱ्या किमान ऑर्डरच्या नियमातील त्रुटी

महोदय,

आपल्या ॲपवर शनिवारी रात्री सूचना आली : किमान ऑर्डर 3,000 रुपये, 7,500 च्या वर डिलिव्हरी मोफत, त्याखाली 150 रुपये चार्ज. एका दुकानासमोर गाडी थांबवायला एक पेटी उतरवा की दहा, डिझेल आणि हमालाचा वेळ जवळपास तेवढाच जातो, हे आम्हाला कळते. किमान ऑर्डर ठेवायला आमचा विरोध नाही. पण 7,500 कशाचे, हेच सूचनेत लिहिलेले नाही, आणि आमची पहिली तक्रार तीच आहे.

एक साधी ऑर्डर घ्या. बिस्किटे, साबण आणि टूथपेस्ट मिळून 7,680 रुपयांचा माल. त्यावर 4 टक्के स्कीम गेली की 7,372.80 राहतात. त्यावर 5 टक्के जीएसटी लागला की बिल 7,741.44 चे होते. म्हणजे स्कीमआधीची रक्कम धरली तर डिलिव्हरी मोफत, स्कीमनंतरची धरली तर 150 रुपये, आणि बिलाची अखेरची रक्कम धरली तर पुन्हा मोफत. सेल्समनला विचारले तर तो म्हणतो ॲप दाखवेल ते खरे. ॲपवर मात्र चार्ज ऑर्डर कन्फर्म झाल्यावरच दिसतो. तेव्हा दुकानदाराने काय करायचे?

दुसरी अडचण शॉर्ट मालाची. 8,400 ची ऑर्डर टाकली, गोडाऊनमध्ये दोन पेट्या नव्हत्या, 1,250 चा माल कमी आला आणि बिल झाले 7,150. ॲप बिलाची रक्कम बघत असेल तर माल तुमच्याकडे नाही आणि चार्ज आम्हाला. उरलेल्या पेट्या दोन दिवसांनी वेगळ्या बिलाने आल्या, तर ते 1,250 चे बिल 3,000 च्याही खाली, म्हणजे एक तर ते अडणार किंवा त्यावर दुसरा चार्ज लागणार. डॅमेज आणि एक्सपायरीची क्रेडिट नोट बिलातून वजा झाली तरी हाच घोळ होईल. म्हणून मर्यादा स्कीम वजा करण्याआधीच्या ऑर्डरच्या रकमेवर मोजावी. ती रक्कम ऑर्डर टाकतानाच दिसते आणि नंतर हलत नाही.

आता 150 रुपयांचे वजन बघा. डिलिव्हरी चार्ज मालाच्या मूल्यातच धरला जातो, त्यामुळे 5 टक्क्यांच्या मालासोबत तो 157.50 पडतो. कंपोझिशनमधल्या दुकानदाराला त्या कराचे क्रेडिट मिळत नाही. 4,000 च्या मालावर 10 टक्के मार्जिन धरले तर सुटतात 400, त्यातून 157.50 गेले की हातात 242.50. पाकिटावर एमआरपी छापलेली असते, त्यावर एक रुपयाही लावता येत नाही. त्यामुळे हा चार्ज गिऱ्हाइकाकडे जात नाही, आमच्याच गल्ल्यातून जातो.

“मग ऑर्डर मोठी टाका,” असे सेल्समन सुचवतात. आठवड्याला तुमचा 3,000 चा माल विकणाऱ्या दुकानाने 7,500 चा भरला तर तो संपायला अडीच आठवडे लागतात. उधारी मात्र 7 दिवसांची. सातव्या दिवशी त्या मालातले खरेदी भावाने 3,000 मोकळे झालेले असतात आणि द्यायचे 7,500. वरचे 4,500 तेल-साखरेच्या पैशांतून काढावे लागतात, आणि त्याच चणचणीत पुढची ऑर्डर लांबते. फळीवर जागा कमी असली की जुनी पेटी नवीच्या मागे जाते आणि पुढे एक्सपायरीत तुमच्याकडेच परत येते.

यावर आमची सूचना अशी : आमच्या गल्लीत तुमची गाडी मंगळवारच्या बीटला येतेच. आदल्या दिवशी दुपारी 4 पर्यंत आलेल्या एकाच गल्लीतल्या ऑर्डरी मोफत डिलिव्हरीसाठी एकत्र मोजाव्यात. बिले ज्याची त्याच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह, वेगळीच राहतील आणि वसुलीही वेगळी. आम्ही चार दुकाने प्रत्येकी साधारण 2,500 ते 3,500 चा माल घेतो, म्हणजे एका थांब्यावर 10,000 च्या वर माल उतरतो. गाडी एका ठिकाणी उभी राहते आणि पेट्या हातगाडीने चारही दुकानांत पोचतात. बीट सोडून मधल्या दिवशी कोणी माल मागितला, तर 150 रुपये देण्यास आमची हरकत नाही. यासाठी बीटच्या दिवशी प्रत्येक दुकानाची किमान ऑर्डर मात्र 2,500 वर आणावी लागेल.

मर्यादा कोणत्या रकमेवर मोजणार, शॉर्ट माल आणि क्रेडिट नोट कशी धरणार, हे लेखी कळवावे. चार्ज ऑर्डर कन्फर्म करण्याआधी ॲपवर दिसावा. तोपर्यंत नियम लागू करू नये, आणि लेखी उत्तरानंतर किमान 30 दिवसांची मुदत द्यावी, कारण चालू महिन्याच्या स्कीमप्रमाणे आमच्या ऑर्डरी आधीच ठरलेल्या आहेत.

कळावे,
आपले,
मंगळवारच्या बीटवरील चार किराणा दुकानदार