मार्गशीर्षातला कोहळा चैत्रात चिरताना

सदाशिव पेठ, पुणे
१४ एप्रिल

प्रिय शुभा,

गावाहून तीन कोहळे आलेत आणि ते पावसापर्यंत टिकतील का, असं तू विचारलंस. मी काल सकाळीच मार्गशीर्षात आणलेला कोहळा चिरला, त्यामुळे सगळं ताजं आहे.

डिसेंबरात मंडईतून दोन आणले होते. कोहळा टिकणार की नाही, हे खरं तर घेतानाच ठरतं. अंगावर पांढरी राख माखल्यासारखी भुकटी हवी. कोवळ्या कोहळ्यावर लव असते. तो भाजीला छान, पण ठेवायला उपयोगाचा नाही. जून कोहळ्याच्या सालीत नख रुतत नाही. आकाराच्या मानाने तो जड लागला पाहिजे. देठ वाळलेला, पण जागेवर आणि निदान दोन बोटं लांब हवा. मी घेतलेला एक अगदी असाच होता. दुसरा दिसायला त्याहून देखणा, पण त्याचा देठ मुळापासून निघालेला होता. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "हा आधी संपवा, ताई." मी ऐकलं नाही.

दोन्ही मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखाली ठेवले. तिथे ऊन येत नाही आणि वारा खेळता असतो. फरशीवर थेट ठेवायचा नाही, खालून ओल धरते. मी काथ्याच्या चुंबळीवर ठेवले, एकमेकांना चिकटू न देता. शिंक्यात टांगलेला तर आणखी चांगला. धुवायचा नाही, पुसायचाही नाही: ती भुकटी म्हणजे मेणच असतं, आतलं पाणी ते धरून ठेवतं. उचलताना देठाला धरू नकोस, खाली दोन्ही हात घाल. अख्खा कोहळा फ्रिजमध्येही नको, फार थंडीने तो आतून बिघडतो. केळी-सफरचंदांच्या शेजारीही नको. पिकणाऱ्या फळांतून निघणारा वायू त्याला लवकर म्हातारा करतो.

दर रविवारी उलटून बघायचे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बिनदेठाच्या कोहळ्याला देठाच्या खळग्यात बोटाएवढा पाणचट डाग दिसला. अंगठ्याने दाबलं तर आत गेला. तेव्हाच चिरला असता तर अर्धा वाचला असता. मी आणखी चार दिवस थांबले आणि खोलीत आंबूस वास सुटला. आतला गर पाणी झाला होता. पाच किलोचा कोहळा टाकताना फार वाईट वाटलं गं. देठाची जागा उघडी राहिली की बुरशीला तिथूनच वाट मिळते. दुसरा ठणठणीत राहिला. डिसेंबरात ४ किलो ८०० ग्रॅम होता, काल ४ किलो ४५० भरला. एवढी घट चालतेच. पण वजन झपाट्याने उतरलं किंवा साल कुठे मऊ लागली, तर वाट न बघता चिरायचा.

आता चिरण्याचं. अख्खा कोहळा विळीवर धरायचा नाही, गोल वस्तू गरकन फिरते आणि हात पात्यावर जातो. आमच्याकडे पहिला घाव बाईने घालायचा नाही म्हणून काका यायचे. मी आता स्वतःच घालते. ओल्या फडक्याने भुकटी पुसून कोहळा कोरडा करते (ही पुसापुशी चिरायच्या वेळीच), कारण ती हाताखाली निसरडी होते. पाटाखालीही ओलं फडकं पसरते, म्हणजे पाट हलत नाही. मग देठाच्या विरुद्ध टोकाची पातळ चकती कापते आणि त्या सपाट बाजूवर कोहळा उभा करते. हीच खरी युक्ती. लांब, धारदार सुरीचं टोक देठाच्या बाजूला खुपसून पातं हळूहळू खाली उतरवायचं. दुसरा हात पात्याच्या वाटेत कधीच ठेवायचा नाही. सुरी अडकली तर पिळू नकोस, मागे ओढून घे. एक बाजू झाली की कोहळा फिरवून दुसरी कर. देठ कापत बसायची गरज नाही, शेवटी दोन्ही हातांनी ओढलं की तो फाटून येतो. तांबडा भोपळा याहून टणक असतो, पण रीत हीच. त्याच्या चिकाने हात ताठरतात, म्हणून आधी तेलाचं बोट फिरवून घे. सुरीची मूठ आणि तळवे मात्र कोरडे ठेव.

चिरल्यावर गराचा एक कण जिभेवर ठेव. कडू लागला तर सगळा टाकून दे, शिजवून तो कडूपणा जात नाही आणि पोटाला त्रास होतो. एकदा चिरला की महिन्यांचा हिशेब संपला: बिया आणि मधला भुसभुशीत भाग काढ, झाकून फ्रिजमध्ये ठेव आणि चार-पाच दिवसांत संपव. माझ्या अर्ध्याचे सांडगे आज गच्चीवर वाळताहेत, उरलेल्याची उद्या वडी.

तुझ्या तीनपैकी देठ तुटलेला कोणता, ते आज बघ आणि तोच आधी चिर. बाकीचे दोन मे संपायच्या आत मोकळे कर. पावसाळी दमट हवेत मी कोहळ्यावर भरवसा ठेवत नाही.

तुझी,
वसुधा