विषय : परफ्यूमच्या काउंटरवरचा 'सल्ला' आणि त्यापायी गेलेले ६,४०० रुपये

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

काल तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलाने चौथ्यांदा ऐकवलं, "मॅडम, सुगंध हा ज्याच्या-त्याच्या नाकाचा प्रश्न असतो." माझं नाक ठणठणीत आहे. तक्रार काउंटरवर जे बोललं गेलं त्याची आहे.

शनिवारी साडेचारला पुण्यातल्या मॉलमधल्या तुमच्या काउंटरवर मी विचारलं, "ऑफिसला वापरायचाय, किती वेळ टिकेल?" "आठ-दहा तास, गॅरंटी!" "हा ओ द पार्फम की ओ द तोआलेत?" "सेमच असतं मॅडम, नाव वेगळं." सेम! मग दोन्हींच्या किमती वेगळ्या कशाला लावता? तोआलेतमध्ये अर्क सहसा कमी असतो आणि तो लवकर उडतो, हे मी तुम्हाला सांगायचं?

मी म्हटलं, मनगटावर लावते आणि तासभर फिरून येते. त्यावर उत्तर मिळालं, "तोवर ऑफर संपेल. आणि घेणारं गिऱ्हाईक पहिल्या वासातच घेतं." मोठ्याने. शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या. घेणारं गिऱ्हाईक! आणि मी मूर्खासारखं कार्ड पुढे केलं.

पहिल्या वासात कळतो तो लिंबू-संत्र्याचा वरचा थर. तो पार्किंगपर्यंतच गेला. साडेसहाला मनगट नणंदेच्या नाकाशी धरलं, कारण स्वतःचं नाक सरावतं. ती म्हणाली, "हात धुतलास का?" दोन तास, आठ-दहा नव्हे.

त्या मुलीला मी आणखीही विचारलं होतं. घरी लावून बघायला छोटी शिशी मिळेल का? नाही. यातला कुठला मला घेऊ नका म्हणाल? "सगळेच छान आहेत." ह्या बाटलीवर तुम्हाला इन्सेंटिव्ह आहे का? ती हसली आणि कॉफीच्या बियांची वाटी नाकाशी धरली. सहा परफ्यूम हुंगल्यावर कॉफी म्हणजे सातवा वास. त्यापेक्षा बाहेरच्या हवेत दोन मिनिटं सोडलं असतं तर बरं झालं असतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दुकानातल्या काकांनी स्वतःहून सांगितलं होतं, "तुमची त्वचा कोरडी आहे, हा दुपारनंतर राहणार नाही. आज घेऊ नका, शिशी नेऊन बघा." चार दिवसांनी मी त्यांच्याकडूनच दुसरा घेतला. तुमच्याकडे 'घेऊ नका' म्हणायची परवानगीच नसावी.

सील उघडल्यावर बदलून मिळत नाही, हे तुमच्या मुलाने चारही वेळा पाठ म्हणून दाखवलं. सील उघडल्याशिवाय दोन तासांचं कळणार कसं? बाटली जवळजवळ भरलेली आहे, बिल जोडलंय. पंधरा दिवसांत पैसे परत करा, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून ग्राहक आयोगात जाईन. आणि कृपा करून पाचव्यांदा नाकाबद्दल फोन करू नका.

एक घेणारं गिऱ्हाईक