कुठल्याही शिफ्टला तयार

चिपळूण, मंगळवार रात्र

चि. स्वातीस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आधी तू ठेवलास की मी, हा वाद आता नको. हॉटेलच्या किचनमधल्या नोकरीसाठी लिहिलेला अर्ज तू पाठवलास, तो मी तेव्हा नीट वाचलाच नव्हता. शेवटची ओळ दिसली आणि माझं डोकं फिरलं. आज डबे लवकर संपले, म्हणून चष्मा लावून पहिल्यापासून वाचला. त्या ओळीबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

अर्ज चांगला आहे. बंड्याने प्रिंट काढून आणली, ती देवाजवळ ठेवली होती. फोडणीचं तेल उडेल म्हणून आता कपाटात ठेवली आहे. पण एक सांगू? ‘भारतीय, चायनीज, कॉन्टिनेन्टल, तंदूर सर्व येते’ असं लिहिलं आहेस ना, ते खोड. पाट्या रंगवणाऱ्या मधूची आठवण झाली. त्याच्या दुकानावर पाटी होती ‘सर्व कामे केली जातील’, आणि पाटी करून हवी असली की माणसं दुसरीकडे जायची. आयटीआयच्या वर्षात सगळं थोडंथोडं शिकवलं असेल, पण पुढचं अप्रेंटिसचं वर्ष तू कुठल्या सेक्शनला काढलंस? इंडियनला. मग तेच लिही. मखनी, काजूची पांढरी, भाजलेल्या कांद्याची आणि कांदा-टोमॅटोची अशा चारही ग्रेव्ही तू रोज सकाळी काढायचीस आणि त्यावर दुपारची सगळी गिऱ्हाइकं निघायची, हे तूच मला दिवाळीत सांगितलंस. किती लिटर काढायचीस तेही लिही. मला लग्नाची ऑर्डर द्यायला येणारा माणूस ‘तुम्हाला काय काय येतं’ असं विचारत नाही, ‘किती पानांचं केलंय’ असं विचारतो. त्यांचा शेफही आधी तेच बघणार. आणि मग कांदा हातात देऊन म्हणेल, काप. तेव्हा कागद बाजूला राहतो, सुरी बोलते.

कोकणीही घाल. घावणे, उकडीचे मोदक, कुळथाचं पिठलं, तिरफळ घातलेला बांगडा. लाजतेस कशाला? मोदकाची पारी तुझी माझ्यापेक्षा पातळ होते, हे आजीसुद्धा कबूल करायची, आणि आजी काही कबूल करणारी बाई नव्हे.

आता हायजीनचं. ‘हायजीन ट्रेनिंग पूर्ण’ एवढ्या दोन-तीन शब्दांत तू ते उरकलंस याचं मला वाईट वाटलं. का ते तुला माहीत आहे, तरी लिहिते.

तू सहावीत होतीस. मुंजीची साठ पानं होती, सकाळच्या नाश्त्याला फोडणीचा भात द्यायचा होता. मी रात्री दहाला 10 किलोचा भात शिजवून मोठ्या टोपात तसाच ठेवला, वर झाकण, झाकणावर फडकं. सकाळी सहाला उघडला तर मधोमध हाताला कोमट लागला. मला तर बरंच वाटलं, म्हटलं फोडणीला गॅस कमी लागेल. वास नाही, चिकटपणा नाही, चवीला उत्तम. आठला खाल्ला आणि अकराच्या आत माणसं ओकायला लागली. सतराजणं. मुंजमुलगासुद्धा. मी पाण्याला दोष दिला, मग मांडववाल्यांनी आणलेल्या बर्फाला. त्यानंतर वर्षभर त्या आळीतून एक ऑर्डर आली नाही आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की माझ्या भाताला काही झालं नव्हतं, मी स्वतः चाखला होता.

आणि गेल्या मे महिन्यात तू फॉस्टॅकचं अन्नसुरक्षेचं ट्रेनिंग करून आलीस आणि ओट्यापाशी उभी राहून सहज म्हणालीस, “आई, तो भातच होता.” कच्च्या तांदळात तो जंतू बीज धरून असतो, शिजवला तरी ते बीज मरत नाही. टोपातला भात तासन् तास कोमट राहिला की ते रुजतं आणि विष तयार करतं. ते विष फोडणीच्या आचेनेही जात नाही, म्हणून गरम करून वाढलं तरी उपयोग नाही. चाखून तर कळतच नाही. मी त्या दिवशी तुझ्याशी नीट बोलले नाही. राग तुझा नव्हता. इतकी वर्षं मी ज्या बर्फवाल्याला शिव्या घातल्या त्याचा चेहरा समोर येत होता.

तर हे लिही अर्जात. माझी गोष्ट नको लिहूस, तुझं काम लिही. शिजलेलं 60 अंशांवरून 21 वर दोन तासांत आलं पाहिजे आणि तिथून पुढच्या चार तासांत 5 वर, हे तुला पाठ आहे. पण पाठ सगळ्यांनाच असतं. मोठ्या टोपातलं उथळ ट्रेमध्ये काढून, खाली बर्फ लावून, दांडीचा थर्मामीटर मधोमध खुपसून तू वर्षभर ते रजिस्टर भरलंस. आणि एकदा डाळीचा आकडा दोन तासांनी 34 दिसला तर वरच्याला न घाबरता “ही टाकावी लागेल” म्हणालीस. त्याने तुला काय काय ऐकवलं तेही तू सांगितलं होतंस, आणि मग टाकली. हे लिही. ट्रेनिंग झालेल्या मुली शंभर येतील, डाळ टाकायला लावणारी एखादीच असेल. सर्टिफिकेट दोन वर्षांचंच असतं, म्हणून त्यावरची तारीखही घाल. टायफॉइडच्या लशीचा कागद निळ्या फाइलमध्ये सापडला, तो बंड्या फोटो काढून पाठवील. वैद्यकीय तपासणी दरवर्षीची लागते, गेल्या वर्षीची चालणार नाही, नवी करून घे.

(आणि आजीची पाटली काढून ठेव. किचनमध्ये हातात काही चालत नाही हे मला कळतं. मी ती मागत नाहीये, कुठे विसरू नकोस एवढंच.)

आता ती ओळ. नाही म्हटलं तरी आलीच.

‘कुठल्याही शिफ्टला तयार’ हे तू लिहिलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर काय होतं कोण जाणे. माझ्या डोळ्यांसमोर रात्रीचे साडेबारा, रिकामा रस्ता आणि तुझी ती ब्रेक नीट न लागणारी स्कूटी होती. तू म्हणालीस, “आई, सगळे लिहितात.” लिहीत असतील. पण सुहासमामाने मला कायदा वाचून दाखवला, महाराष्ट्राचा दुकानं-आस्थापनांचा, 2017 चा. त्यात बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात कामाला लावायचं तर तिची संमती लागते, आणि मालकाने तिच्या सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोचवण्याची सोय करायची असते. म्हणजे ती संमती तुझ्या हातातली वस्तू आहे. ती तू कुणी मागायच्या आधीच अर्जात देऊन टाकलीस.

आणि एक गंमत बघ. मी मामाला म्हटलं, मग सकाळची पाळी घेऊ दे, सुटलो. तो हसला. म्हणाला, ताई, नाश्त्याचा बुफे साडेसहाला लागतो, म्हणजे मुलगी किचनमध्ये पाचला हवी, म्हणजे खोलीवरून निघणार साडेचारला. ती रात्र नव्हे तर काय? मी इतकी वर्षं साडेचारलाच उठून चूल पेटवते, पण चूल माझ्या घरात आहे. घरातलं साडेचार आणि रस्त्यावरचं साडेचार वेगळं, एवढं मला कळतं. ब्रेक शिफ्टचंही विचार. अकरा ते तीन आणि मग सात ते अकरा असेल, तर मधले चार तास तू कुठे टेकणार? खोलीवर जाऊन यायला दीड तास जातो. मुलींना बसायला, कपडे बदलायला खोली आहे का?

पुन्हा भाषण झालं. थांबते.

खरं सांगायचं तर मला तू भित्री हवी असं नाही. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी खानावळीत शिरलं, तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस. मी माळ्यावर बसून रडत होते आणि तू छातीभर पाण्यात उतरून गॅसच्या टाक्या दोरीने बांधत होतीस, वाहून जाऊ नयेत म्हणून. पाणी ओसरल्यावर चिखलातून मोठा टोप बाहेर काढलास आणि पहिलं वाक्य बोललीस ते, “हा घासून निघेल.” दाजी अजून सगळ्यांना सांगतात. तेव्हाच मला वाटलं होतं की ही माझ्या खानावळीत मावणार नाही. मी तेव्हाही घाबरले होते, ओरडत होते वर ये म्हणून. तू आली नाहीस, टाक्या राहिल्या.

म्हणून ती ओळ मी खोडत नाही, फक्त दुसरी लिहून बघितली आहे. पटली तर घे: ‘सकाळ, दुपार व ब्रेक शिफ्टमध्ये काम करेन. रात्री साडेनऊनंतर किंवा सकाळी सातपूर्वीच्या वेळेस, घरापर्यंत वाहनाची सोय असल्यास, लेखी संमती देईन. सण-सुट्ट्यांना काम करण्याची तयारी आहे.’ यात नकार कुठेच नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. दिवाळीत किचनमधली निम्मी माणसं गावी जातात आणि तेव्हा थांबणारी मुलगी त्यांना हवी असते. ते वाक्य लिहिताना मला काय वाटलं ते राहू दे. करंज्या पोस्टाने येतील.

या ओळीमुळे त्यांनी अर्ज बाजूला ठेवला तर? तो विचारही करून झाला. दुपारी भाजी निवडताना वाटलं, ठेवू देत. आणि संध्याकाळी वाटलं, माझ्यापायी पोरीची नोकरी गेली तर ती मला आयुष्यभर ऐकवील. तू मोठी आहेस, ठरव. फक्त गाडीचं तोंडी नको, ऑफर लेटरमध्ये घालून घे. ‘बघू, करू’ म्हणणारी माणसं मी ऑर्डरींत खूप पाहिली.

मुलाखतीचा दिवस कळव. त्या दिवशी मी फोन करणार नाही, तूच कर.

तुझी आई

ता. क. भात आता मी परातींत दोन बोटं उंच पसरते, पंखा लावते, मग फ्रिज. तू ठेवून गेलेल्या थर्मामीटरचा सेल संपला. बटणासारखा आहे, दुकानदार नंबर विचारतो. कुठला आणू?