शेवटच्या हिशेबावरील ‘नो क्लेम’च्या एका वाक्याबद्दल कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

नोकरी सोडणाऱ्या माणसाचा फुल अँड फायनल हिशेब करण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे, आणि त्या हिशेबाच्या तळाशी असलेल्या एका वाक्यावर मी शेकडो लोकांच्या सह्या घेतल्या आहेत. त्या वाक्याबद्दलच हे पत्र आहे. ते साधारणपणे असे असते: “मला कंपनीकडून माझी सर्व येणी मिळाली असून वेतन, रजा, बोनस, ग्रॅच्युइटी, पीएफ किंवा अन्य कोणत्याही स्वरूपाचा माझा कोणताही दावा यापुढे राहिलेला नाही.” एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प, त्यावर आडवी सही आणि तारखेची जागा बहुधा कोरी. चेक त्याच टेबलावर असतो, पण सही झाल्याशिवाय तो हातात पडत नाही.

याआधी ‘नो ड्यूज’चा कागद खात्याखात्यांतून फिरून आलेला असतो. कंपनीचे कामगाराकडे काही येणे नाही, ओळखपत्र आणि हत्यारे जमा झाली, एवढेच तो सांगतो आणि त्यात गैर काही नाही. ‘नो क्लेम’ त्याच्या नेमके उलट असतो, कारण त्यात कामगाराचे कंपनीकडे काही येणे नाही असे कामगाराकडूनच लिहून घेतले जाते. दोन्ही कागद एकाच टाचणीत असल्यामुळे पहिल्यावर दहा सह्या गोळा करून दमलेला माणूस दुसऱ्यावरही त्याच ओघात सही करतो.

माझ्यासमोर घडलेले एक उदाहरण सांगते. स्टोअरमधील एका सहकाऱ्याने अकरा वर्षे सात महिने नोकरी करून राजीनामा दिला. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून त्यांचे मासिक 20,800 रुपये होते, म्हणजे 26 दिवसांच्या हिशेबाने दिवसाला 800 रुपये. हिशेबाच्या कागदावर दोनच ओळी होत्या: शेवटच्या महिन्यातील 18 दिवसांचे वेतन 14,400 रुपये आणि शिल्लक 22 दिवसांच्या रजेचे 17,600 रुपये, एकूण 32,000 रुपये. ग्रॅच्युइटीचे काम वेगळ्या फाइलीतून होणार होते. नेमणूकपत्रानुसार वर्षाला 24,000 रुपये उत्पादन प्रोत्साहन रक्कम ठरलेली होती आणि अपुऱ्या वर्षासाठी ती महिन्यांच्या प्रमाणात देय होती. त्या वर्षाचे नऊ महिने भरले होते, पण त्या 18,000 रुपयांचा कागदावर उल्लेखच नव्हता. खालचे वाक्य मात्र नेहमीचेच होते. त्यांनी सही केली आणि 32,000 रुपयांचा चेक घेतला.

चार महिन्यांनी ते ग्रॅच्युइटीची चौकशी करायला आले, तेव्हा त्यांच्यापुढे त्यांचीच सही ठेवण्यात आली. ते काही न बोलता परत गेले. पुढे कोणीतरी सांगितल्यावर त्यांनी ग्रॅच्युइटीच्या तक्रारी ऐकणाऱ्या नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. सात महिने हा सहा महिन्यांहून मोठा अंश असल्यामुळे बारा वर्षे धरली गेली. प्रत्येक वर्षाचे पंधरा दिवस म्हणजे 12,000 रुपये, अशी 1,44,000 रुपये ग्रॅच्युइटी निघाली. देय तारखेनंतर चौदा महिने उलटले होते, म्हणून सरळव्याजाने दहा टक्के दराने आणखी 16,800 रुपये मिळाले. प्रोत्साहन रकमेचे 18,000 रुपये मात्र गेले ते गेलेच. ते सोडून दिल्याचे त्यांनी स्वतः लिहून दिले आहे, तेव्हा दावा लढवणे अवघड जाईल, असे वकिलांनी त्यांना सांगितले आणि त्यांनी तो नाद सोडला.

एकाच सहीचे असे दोन परिणाम का झाले, हे आपल्या विभागाने नीट पाहावे अशी माझी विनंती आहे. ग्रॅच्युइटी कायद्याने दिलेली होती. 1972 च्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे त्या कायद्याशी विसंगत कोणताही करार त्याच्यापुढे टिकत नव्हता. वेतन संहिता, 2019 च्या कलम 60 मध्येही त्या संहितेखाली देय असलेली रक्कम किंवा बोनस यांवरचा हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरवला आहे. प्रोत्साहन रक्कम, प्रवासखर्चाची थकलेली बिले, नेमणूकपत्रात कबूल केलेली जादा रजा ही येणी मात्र करारातून जन्मतात, आणि भारतीय करार कायद्याच्या कलम 63 नुसार आपले करारातले येणे माणूस स्वतःहून सोडून देऊ शकतो. म्हणजे कायद्याने दिलेल्या हक्कावर ते ढोबळ वाक्य कायद्यापुढे चालत नाही, फक्त कामगाराला घाबरवून परत पाठवते. करारातून आलेल्या हक्काला मात्र ते खरोखर मारक ठरू शकते, आणि सही करणाऱ्याला हा फरक कोणीही समजावून सांगत नाही.

नंतर न्यायालयात जाता येते, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. विम्याच्या दाव्यांत असाच कागद ‘डिस्चार्ज व्हाउचर’ या नावाने घेतला जातो. केवळ त्यावर सही झाली म्हणून ग्राहकाचा हक्क संपत नाही, पण ती सही फसवणुकीने, दबावाने किंवा तशाच प्रकारे घेतल्याचे त्याने दाखवले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या प्रकरणात सांगितले. डिसेंबर 2014 मध्ये जीनस पॉवरच्या प्रकरणात मात्र सही करताना किंवा लगेच नंतर हरकत नोंदवलेली नव्हती, पहिली नोटीस सुमारे तीन आठवड्यांनी गेली होती आणि दबावाचा आरोप मोघम होता, म्हणून न्यायालयाने तो मान्य केला नाही. एका कंपनीचे तीन आठवडे जिथे उशिराचे ठरले, तिथे चार महिन्यांनी चौकशीला येणाऱ्या स्टोअरकीपरने काय करावे?

म्हणून मी सहीच्या वेळच्या शब्दांवर भर देते. त्या सहकाऱ्यांच्या कागदावर खालील मजकूर असता तर कंपनीला तिची पावती मिळाली असती आणि त्यांचेही काही गेले नसते:

“18 दिवसांचे वेतन 14,400 रुपये आणि 22 दिवसांच्या शिल्लक रजेचे 17,600 रुपये, असे एकूण 32,000 रुपये मला चेकने मिळाले. चेक वटल्यावर या दोन बाबींपुरता माझा दावा राहणार नाही. ग्रॅच्युइटी, बोनस, प्रोत्साहन रक्कम, पीएफ व निवृत्तिवेतन, तसेच कायद्याने किंवा नेमणूकपत्राने मला देय असलेली अन्य कोणतीही रक्कम यांवरचा माझा हक्क मी या पावतीने सोडलेला नाही.”

यातील प्रत्येक तुकड्याला कारण आहे. ‘चेक वटल्यावर’ म्हटले नाही, तर पैसे हातात येण्याआधीच दावा संपल्याचे लिहून दिल्यासारखे होते. ‘या दोन बाबींपुरता’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे, कारण ‘सर्व येणी’ हा शब्दप्रयोग त्यांच्यामुळेच बाहेर राहतो. शेवटची यादी नावानिशी हवी आणि तिच्या टोकाला ‘अन्य कोणतीही रक्कम’ही हवी. नुसती यादी दिली, तर तिच्यात लिहायचे राहून गेलेले येणे आपण सोडले असा अर्थ काढता येतो. आणि नुसते ‘हक्क राखून’ एवढेच लिहिले, तर कोणता हक्क यावरून वाद सुरू होतो. दिलेल्या बाबींतही आकडा चुकीचा वाटत असेल, समजा रजा 22 नसून 30 दिवसांची आहे असे म्हणणे असेल, तर त्या बाबीपुढे ‘दावा राहणार नाही’ असे लिहूच नये. ‘22 दिवसांची रक्कम मिळाली, उरलेल्या 8 दिवसांबाबत माझी मागणी कायम आहे’ असे लिहावे.

छापील नमुन्यात एक अक्षरही बदलू दिले जात नाही, हे मला ठाऊक आहे, कारण मीही ते बदलू देत नव्हते. अशा वेळी कामगाराला एकच वाट उरते. सही केली त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत ईमेलवर तीन ओळी पाठवायच्या: कोणती रक्कम कोणत्या बाबीपोटी मिळाली, नमुना बदलू दिला नाही म्हणून आहे तशी सही करावी लागली, आणि कोणती येणी बाकी आहेत. सही केलेल्या कागदाचा फोटो सोबत जोडायचा. एवढ्याने दावा जिंकला जाईल असे नाही, पण हरकत वेळेवर घेतली होती हे तरी दाखवता येते.

मालकाची बाजूही मला मान्य आहे. खरोखर वाद होता, दोघांनी बसून तो मिटवला आणि ठरलेल्या येण्यांखेरीज तडजोडीची वेगळी रक्कम दिली गेली, तर त्या वादापुरता पूर्ण ‘नो क्लेम’ लिहून घेणे रास्त आहे. पण माझ्या टेबलावरून गेलेल्या बहुतेक कागदांत तडजोड कसलीच नव्हती. जे पैसे द्यायचेच होते, तेच दिले जात होते. वेतन संहितेच्या कलम 17 नुसार राजीनामा किंवा नोकरकपातीनंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यावे लागते. ते कर्तव्य पार पाडताना बदल्यात इतर हक्क सोडून घेण्याला कोणताही आधार नाही.

विमा नियामक प्राधिकरणाने 24 सप्टेंबर 2015 च्या परिपत्रकात सर्वसाधारण विमा कंपन्यांना बजावले की दायित्व आणि रक्कम निश्चित झाल्यावर व्हाउचरसाठी पैसे अडवू नयेत, आणि अशा व्हाउचरवर सही केल्याने अधिक रकमेसाठी दाद मागण्याचा विमाधारकाचा हक्क संपत नाही. कामगारासाठी आपण आपल्या अधिकारात असेच करावे, एवढीच माझी मागणी आहे. अंतिम हिशेबाच्या पावतीचा एक नमुना नियमाने ठरवून द्यावा. त्यात प्रत्येक बाब आणि तिची रक्कम स्वतंत्र ओळीत असावी, ‘वरील बाबींपुरते’ हे शब्द छापलेलेच असावेत आणि शिल्लक येण्यांसाठी कामगाराने स्वतः भरायची मोकळी जागा असावी. सहीसाठी चेक अडवून ठेवल्याची तक्रार आली, तर निरीक्षकाने ती वेतन थकवल्याची तक्रार म्हणूनच नोंदवावी. सही केलेल्या कागदाची प्रत कामगाराला त्याच वेळी मिळावी. माझ्या त्या सहकाऱ्यांकडे तीसुद्धा नव्हती; आपण नेमके काय लिहून दिले, हे त्यांनी चार महिन्यांनी प्रथमच वाचले.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त आस्थापना अधिकारी