क्रीडादिनाचा अहवाल आणि चौथ्या लेनचे बारा मीटर

नाशिक,
८ जानेवारी

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शाळेच्या स्पर्धा फेब्रुवारीत आहेत, म्हणून हे लांबलचक पत्र. आमचा क्रीडादिन डिसेंबरात झाला आणि वार्षिक अंकासाठी अहवाल लिहिणं माझ्या गळ्यात पडलं. नेहमीचा मजकूर बसल्या बैठकीत उरकला असता: संचलन, पाचवी-सहावीची लंगडी, मुलींच्या खो-खोची चुरस, बक्षीस समारंभ. ते सगळं झालं आणि चांगलं झालं. मला मात्र लिहायचंय ते आठवीच्या मुलांच्या २०० मीटर धावण्याबद्दल, आणि नेमकं तेच मुख्याध्यापिकाबाईंना अंकात नकोय.

आमच्या मैदानात ४०० मीटरचा ट्रॅक मावत नाही, २०० चा मावतो. दोन्ही बाजूंना ४० मीटरच्या सरळ रेषा, टोकांना अर्धवर्तुळं. मधल्या खुंटीला दोरी बांधून १८.९० मीटरवर फक्की टाकली. मुलगा आतल्या रेषेच्या २० सेंटिमीटर बाहेरून धावतो असं धरून अंतर मोजतात. त्या वाटेनं प्रत्येक अर्धवर्तुळ ६० मीटर भरतं. लेन चार, प्रत्येकी १.२२ मीटर रुंद. इथवर सगळं चोख होतं.

घोळ झाला तो स्टॅगरमध्ये, म्हणजे बाहेरच्या लेनवाल्याला किती पुढे उभं करायचं त्यात. आखणाऱ्यांनी छापील तक्त्यात '२०० मीटर' शोधलं आणि तिथले आकडे उचलले: दुसऱ्या लेनला साधारण साडेतीन मीटर, चौथीला अकरा. पण तो तक्ता ४०० मीटरच्या ट्रॅकचा. तिथे २०० मीटरच्या शर्यतीत एकच वळण येतं. आपल्या छोट्या मैदानावर तीच शर्यत म्हणजे पूर्ण फेरी, दोन वळणं. मग स्टॅगरही दुप्पट हवा.

तुला गणित सांगायला नको, पण मुलांना हे फार आवडलं: दोन लेनमधला फरक मैदानाच्या त्रिज्येवर अवलंबूनच नसतो. २ × ३.१४ × १.२२, म्हणजे प्रत्येक लेनला ७.६६ मीटर. ट्रॅक केवढाही असो, पूर्ण फेरीला हाच आकडा. चौथ्या लेनला जवळजवळ २३ मीटर द्यायला हवे होते, दिले ११. बिचारा बारा मीटर जास्त धावत होता. या वयाच्या मुलाला तेवढ्याला दोन सेकंद लागतात.

हे लक्षात आणून दिलं नववीतल्या एका मुलीनं. तिन्ही हीटमध्ये पहिल्या लेनचा मुलगा पहिला आणि चौथ्या लेनचा शेवटचा. लेन तर चिठ्ठ्या टाकून दिलेल्या, मग असं कसं? टेप घेऊन आम्ही चौथ्या लेनच्या आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर सोडून चाललो, तर २१२ मीटर भरले.

वेळेत दुरुस्ती करून निकाल लावा, असं कुणीतरी सुचवलं. पण घड्याळ फक्त पहिल्या येणाऱ्यावर लावलेलं, बाकीच्यांची वेळच नाही. शेवटी हीट रद्द करून जेवणानंतर पुन्हा घेतल्या. आधी जिंकलेल्या एका मुलाचे वडील चांगलेच तापले. त्यांचाही मुद्दा अगदीच चूक नव्हता, कारण पोराच्या पायात गोळे आले होते आणि तो दुसऱ्यांदा तिसरा आला. पुन्हा धावायला लावणं हाही पूर्ण न्याय नव्हेच. पण फायनलमध्ये चुकीची पोरं उतरवण्यापेक्षा बरा.

शेवटच्या रेषेवर वाद झाला नाही, कारण तिथली योजना चांगली होती. एक पंच फक्त पहिला कोण ते बघणार, दुसरा फक्त दुसरा. आणि छाती रेषेवर आधी कुणाची पोचली तेवढंच मोजायचं. पुढे टाकलेला हात किंवा पाय नाही. हे मुलांना सकाळीच सांगितल्यामुळे कुणी हात पुढे करून कोलमडलं नाही.

पुढच्या वर्षासाठी मी अहवालात दोनच गोष्टी घातल्यात. वर्तुळांच्या केंद्रांवर लोखंडी खुंट्या जमिनीच्या पातळीत कायमच्या ठोकाव्यात. आणि हीटच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक लेन आरंभापासून शेवटापर्यंत टेपनं मोजावी, आखणाऱ्यानं नव्हे, दुसऱ्या कुणीतरी. बाई म्हणतात, अंक पालक वाचतात, चूक कशाला छापायची? मी म्हटलं, पालक तिथेच उभे होते.

तुमचं मैदान आमच्यापेक्षा अरुंद आहे ना? चार लेनला रुंदी ४८ मीटर आणि लांबी ८८ मीटर तरी लागते, शिवाय कडेला मोकळी जागा. नसेल तर वळणाच्या शर्यतीचा हट्ट सोड आणि सरळ ८० मीटर पळव. रविवारी मी येऊ शकतो. टेप आणतो, तू तार मिळवून ठेव. सुतळी ताणली की लांबते आणि वर्तुळ बिघडतं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर