चाळीस किलोमीटरची वेस

कोथरूड, पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या अर्धमॅरेथॉनसाठी तू आखलेला सोळा आठवड्यांचा तक्ता पाहिला. आठवड्याला 20 किलोमीटरपासून सुरुवात करून दर आठवड्याला सरसकट 10 टक्के वाढ, असे तू ठरवले आहेस. पहिल्या काही ओळी वाचताना त्यात गैर काही दिसत नाही; पण ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी आहे हे तू लक्षात घेतलेले दिसत नाही. आठव्या आठवड्यात तू 39 किलोमीटरवर पोहोचतोस, म्हणजे जवळजवळ दुपटीवर, आणि सोळाव्यात जवळजवळ 84 वर. सुरुवातीला आठवड्याला 2 किलोमीटर वाढतात, तर शेवटच्या टप्प्यात तेच 10 टक्के म्हणजे साडेसात किलोमीटर होतात. शिवाय स्पर्धेच्या आठवड्यातच तुझा आकडा सर्वाधिक आहे, याला काय म्हणावे!

दहा टक्क्यांच्या आकड्याला मी फार पवित्र मानत नाही. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, 10 टक्क्यांच्या बेताने तेरा आठवडे सरावलेला गट आणि आठ आठवड्यांत तयार झालेला गट, या दोन्हींत दर पाचांपैकी साधारण एकाला दुखापत झाली. म्हणून टक्का किती, यापेक्षा तो कशावर मोजायचा, कुठे घालायचा आणि कुठे थांबवायचा, हे प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात.

थांबण्याची जागा आधी ठरवू, कारण तक्ता तिथून मागे आखायचा असतो. तू आठवड्यातून चार दिवस धावतोस आणि ऑफिस गाठायचे असल्याने सकाळी तुला तासाभराहून जास्त वेळ मिळत नाही. किलोमीटरला सात मिनिटे या तुझ्या गतीने त्या तासात 8 किलोमीटर आरामात होतात. तीन दिवसांचे मिळून 24 किंवा 25, आणि रविवारची लांब धाव 15 किंवा 16, झाले 40. याहून पुढे जायचे तर वाढीव सगळे अंतर रविवारवर पडेल आणि एकाच दिवसाचा वाटा आठवड्याच्या निम्म्याकडे सरकेल. तो 40 टक्क्यांच्या आत राहावा असे माझे मत आहे. अर्धमॅरेथॉन सुखाने पूर्ण करण्यासाठी 40 किलोमीटर पुरतात. पुढे कधी पाचवा दिवस मिळाला तर वेस हलवता येईल. चार दिवसांत मात्र नको.

आता चढण. 20, 22, 24 असे तीन आठवडे झाले की चौथा हलका ठेव, 19 चा. त्यानंतर 26, 29, 32 आणि पुन्हा हलका 25. मग 35, 38, 40 आणि हलका 32. नंतरचे दोन आठवडे 40 वरच राहा, पंधराव्यात 28 वर उतर आणि सोळाव्यात स्पर्धेखेरीज दोन छोट्या धावा पुरेत. हलक्या आठवड्यानंतरचा टक्का हलक्या आठवड्यावर न मोजता त्याआधीच्या पूर्ण आठवड्यावर मोजायचा. तुझे घड्याळ 19 वरून 26 ही 37 टक्क्यांची उडी समजून इशारा देईल, पण पायांनी दोनच आठवड्यांपूर्वी 24 पेललेले असतात. पावसाने दोन दिवस बुडाले, तर ते किलोमीटर रविवारी भरून काढू नकोस. पुढच्या आठवड्यात शेवटचा पूर्ण झालेला आकडाच पुन्हा धाव.

वाढ कुठे घालायची, ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 20 चे 22 करताना दोन्ही किलोमीटर रविवारच्या आठात मिळवलेस, तर आठवडा 10 टक्क्यांनी वाढतो, पण ती एक धाव 25 टक्क्यांनी. 2025 साली पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळांतील नोंदींवरून झालेल्या अभ्यासात दुखापतीचा संबंध आठवड्याच्या वाढीपेक्षा, मागील महिन्याभरातल्या सर्वांत लांब धावेहून एखादी धाव 10 टक्क्यांपेक्षा जास्त लांबण्याशी दिसला. म्हणून रविवारला पाऊण किलोमीटर दे आणि उरलेले बाकीच्या तीन दिवसांत वाट. तळजाईच्या चढ-उतारांवरचा किलोमीटर कॅनॉल रोडवरच्या किलोमीटरइतका स्वस्त नसतो; ज्या आठवड्यात टेकडी, त्या आठवड्यात वाढ नको.

दम आणि हृदय काही आठवड्यांत सरावतात, हाडांना मात्र महिने लागतात. त्यामुळे पाचव्या-सहाव्या आठवड्यात धावणे अगदी सोपे वाटू लागते आणि नेमकी तेव्हाच नडगी बोलू लागते. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेले दुखणे असेल, तर त्या आकड्यावर आणखी एक आठवडा थांब किंवा एक पायरी खाली ये. पण बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल आणि त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर धावणे बंद करून थेट अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. तो हाडाचा ताणभंग, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतो आणि तिथे टक्केवारीचा हिशेबच लागू होत नाही.

सुधारलेल्या तक्त्यात दर रविवारचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहून पाठव, म्हणजे मला नीट तपासता येईल.

तुझा,
माधव